चढाईआधी आणि पेपरआधी

सामन्याआधीचे आणि परीक्षेआधीचे दडपण वरून एकच वाटत असले, तरी त्याचे दोन भाग असतात. एक भाग शरीरात घडतो. छाती धडधडते, हातपाय गार पडतात, तळव्यांना घाम फुटतो, घशाला कोरड पडते, पोटात गोळा येतो आणि सारखे लघवीला लागते. दुसरा भाग डोक्यात घडतो. ‘पहिल्याच चढाईत पकडले गेलो तर?’, ‘पेपर बघून काहीच आठवले नाही तर?’, ‘घरचे काय म्हणतील?’ असे विचार थांबता थांबत नाहीत. परीक्षेच्या भीतीचे हे दोन भाग रॉबर्ट लिबर्ट आणि लॅरी मॉरिस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 1967 मध्ये वेगळे करून दाखवले. खेळाडूंच्या दडपणाचा अभ्यास पुढे स्वतंत्रपणे झाला, आणि तिथेही रेनर मार्टेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांना शरीराची अस्वस्थता आणि मनातली काळजी वेगवेगळी मोजावी लागली. मैदान आणि परीक्षा केंद्र यांचा संबंध जुळतो तो इथेच. ज्या विद्यार्थ्याला एकाच महिन्यात विभागीय सामने आणि बारावीची पूर्वपरीक्षा द्यायची असते, त्याच्याकडे दोन्हीकडचे दडपण एकाच वाटेने येते. त्यावरचे उपाय मात्र दोन्हीकडे सारखे लागू पडत नाहीत.

शरीरात काय घडते

समोरचा प्रसंग महत्त्वाचा आहे आणि त्याचा निकाल आपल्या हातात पूर्णपणे नाही, असे मेंदूने ठरवले की स्वायत्त मज्जासंस्था कामाला लागते. मूत्रपिंडांच्या वर बसलेल्या ॲड्रेनल ग्रंथी ॲड्रेनलिन रक्तात सोडतात. हृदयाचे ठोके वाढतात, श्वासनलिका रुंदावतात आणि यकृत साठवलेली साखर रक्तात सोडते. त्याच वेळी पोट आणि त्वचा यांच्याकडे जाणारे रक्त कमी होऊन मोठ्या स्नायूंकडे वळते. पोटात खड्डा पडल्यासारखे वाटते आणि बोटे गार पडतात ती यामुळेच. यातली एकही गोष्ट बिघाड नाही. धावायला, झेप घ्यायला किंवा झटापट करायला शरीर जी तयारी करते, तीच ही तयारी.

कबड्डीच्या चढाईपटूला ही तयारी थेट कामाला येते. परीक्षेच्या बाकावर बसलेल्या विद्यार्थ्याला मात्र तीन तास फक्त मनगट आणि बोटे हलवायची असतात. पळण्यासाठी उसळलेली ताकद खर्च व्हायला वाट नसते, म्हणून ती हाताच्या कंपात, बिघडलेल्या अक्षरात आणि हलत्या गुडघ्यात दिसते. धडधड तेवढीच असूनही परीक्षेत ती जास्त जाचते, याचे एक कारण हे आहे.

दोन्ही भागांचे वेळापत्रकही वेगळे असते. शरीराची अस्वस्थता सुरुवातीच्या आधीच्या काही मिनिटांत टोकाला पोहोचते आणि शिट्टी वाजून खेळ सुरू झाला की बहुधा झपाट्याने उतरते. पेपरमध्येही पहिले दोन-तीन प्रश्न सुटले की हात स्थिरावतो. काळजीचे तसे नसते. ती कित्येक दिवस आधीपासून मुक्काम ठोकून असते आणि सामना चालू असताना गुणफलकाप्रमाणे, पेपर चालू असताना समोरच्या प्रश्नाप्रमाणे वरखाली होते. त्यामुळे सुरुवातीच्या आधीची जोरदार धडधड हे पुढे काय होणार याचे भाकीत नसते. ती स्वतःहून ओसरणार असते.

किती उत्तेजना चांगली, या प्रश्नावर रॉबर्ट यर्कस आणि जॉन डॉडसन यांचा 1908 मधला उंदरांवरचा प्रयोग नेहमी सांगितला जातो. विजेचा सौम्य झटका देऊन उंदरांना दोन पेट्यांमधला फरक ओळखायला शिकवले गेले. काम सोपे असताना झटका जितका जोरदार, तितके ते लवकर शिकले. काम अवघड असताना मात्र मध्यम झटक्यावर सर्वात चांगले शिकले. हा नियम माणसांना जसाच्या तसा लावता येत नाही, पण त्यातला एक धागा खेळात टिकून राहिला आहे: काम जितके बारीक आणि विचाराचे, तितकी कमी उत्तेजना त्याला मानवते. गोळाफेकीला लागणारी उसळी नेमबाजीला चालत नाही. रशियन मानसशास्त्रज्ञ युरी हानिन यांनी त्यात आणखी एक भर घातली. एकाच खेळातल्या दोन उत्तम खेळाडूंनाही वेगवेगळी पातळी मानवते, असे त्यांना आढळले. कुणी शांत असताना उत्तम खेळतो, कुणी चांगलाच तापल्यावर. आपली पातळी ओळखायची तर चांगल्या आणि वाईट गेलेल्या प्रत्येक सामन्यानंतर, आधीच्या दहा मिनिटांत धडधड किती होती याला दहापैकी एक आकडा देऊन वहीत लिहून ठेवावा लागतो. आठ-दहा नोंदी झाल्या की चांगले सामने कोणत्या आकड्यांभोवती जमतात ते दिसू लागते. पेपरसाठी वेगळी नोंद ठेवली, तर तिथले आकडे बहुधा खालच्या बाजूला सापडतात.

काळजी घाव कुठे घालते

एखादे गणित सोडवताना दिलेल्या राशी, वापरायचे सूत्र आणि अर्धवट आलेले उत्तर हे सगळे काही क्षण एकत्र धरून ठेवावे लागते. या तात्पुरत्या जागेला कार्यस्मृती म्हणतात. ती छोट्या पाटीसारखी असते. ‘वेळ पुरणार नाही’, ‘मागच्या वेळीही असेच झाले होते’ ही वाक्ये त्याच पाटीवर उमटतात आणि गणिताला जागा उरत नाही. सूत्र विसरलेले नसते, ते मांडायला जागा नसते. म्हणूनच पेपर संपवून बाहेर पडल्यावर जिन्यातच ते आठवते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ सायन बायलॉक यांच्या प्रयोगांत यातली एक अनपेक्षित बाजू दिसली. दडपणाखाली अवघड गणितांत जास्त घसरण झाली ती ज्यांची कार्यस्मृती मोठी होती अशा विद्यार्थ्यांची. एरवी ते सगळ्या पायऱ्या मनात धरून लांबची रीत वापरतात. जागा कमी पडली की त्यांची ती रीतच चालेनाशी होते. हुशार विद्यार्थी ऐन वेळी का घसरतो, याचे एक उत्तर इथे मिळते.

मैदानावर काळजी दुसऱ्याच ठिकाणी लागते. पक्के बसलेले कौशल्य लक्ष न देता चालते. दडपण आले की खेळाडू स्वतःच्या हातापायांवर पहारा ठेवू लागतो आणि तिथे ते अडखळते. बायलॉक आणि सहकाऱ्यांनी फुटबॉलपटूंना खांबांमधून चेंडू काढत न्यायला सांगितले आणि चेंडूला पायाची कोणती बाजू लागते याकडे लक्ष ठेवायला लावले. अनुभवी खेळाडू त्यांच्या सरावाच्या पायाने हळू झाले. नवशिक्यांना मात्र तसे लक्ष दिल्याने त्रास झाला नाही, उलट मदतच झाली. शिकत असताना पायाकडे बघणे योग्य असते. शिकून झाल्यावर तेच नडते.

यावरून उपायांची दिशा ठरते. परीक्षेत पाटी मोकळी करावी लागते. सामन्यात लक्ष अंगावरून काढून बाहेरच्या एखाद्या नेमक्या खुणेवर लावावे लागते: प्रतिस्पर्धी कोपरारक्षकाचा पुढचा पाय, फेकीची दिशा, शटल पडायची जागा.

धडधडीचे काय करायचे

‘शांत हो’ हा सल्ला सर्वात सोपा, आणि पाळायला सर्वात अवघड. ॲड्रेनलिन एकदा रक्तात आले की ते हुकमाने परत जात नाही. शांत होता आले नाही की त्याचीच नवी काळजी सुरू होते. जेरेमी जेमिसन आणि सहकाऱ्यांनी 2010 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वेगळा मार्ग तपासला. जीआरई या प्रवेशपरीक्षेची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी काहींना सराव परीक्षेआधी इतकेच सांगितले, की धडधडीमुळे गुण कमी होतात असे नाही, ती असणाऱ्यांचे पेपर चांगलेही जातात. हे ऐकलेल्यांना गणिताच्या भागात जास्त गुण मिळाले. पुढे खऱ्या परीक्षेतही तो फरक दिसला. त्यांचे शरीर मात्र शांत झालेले नव्हते. लाळेच्या तपासणीत त्यांची उत्तेजना इतरांपेक्षा कमी नव्हती, उलट वाढलेली आढळली. बदलला होता तो धडधडीचा लावलेला अर्थ. ॲलिसन वुड ब्रुक्स यांच्या 2014 मधल्या प्रयोगांतही गाणे, भाषण किंवा गणित यांआधी ‘मी शांत आहे’ म्हणणाऱ्यांपेक्षा ‘मला हुरूप आला आहे’ असे म्हणणाऱ्यांची कामगिरी सरस ठरली. घाबरणे आणि हुरूप येणे या दोन्हींत शरीराची अवस्था जवळपास सारखीच असते, त्यामुळे एकातून दुसऱ्यात जाणे हे शांत होण्यापेक्षा सोपे पडते.

धडधड खरोखरच गरजेपेक्षा जास्त असेल, तर तिला खाली आणायचे हुकमी साधन श्वास हे आहे. श्वास सोडताना हृदयाचे ठोके किंचित मंदावतात, म्हणून सोडण्याचा वेळ घेण्याच्या वेळेपेक्षा लांब ठेवतात. चार अंक मोजत नाकाने श्वास घ्यायचा आणि सहा अंक मोजत सावकाश सोडायचा, म्हणजे मिनिटाला सहा श्वास होतात. दोन मिनिटे पुरतात. खांदे वर उचलले जात असतील तर श्वास छातीत वरच्या वर घेतला जात आहे असे समजावे. पोट पुढे आले पाहिजे. एक चूक नेहमी होते: मोठमोठे श्वास भराभर घेतले जातात. त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, डोके हलके होते, बोटांना मुंग्या येतात आणि भीती आणखी वाढते. कबड्डीत श्वासाला जास्तच महत्त्व आहे, कारण चढाईत ‘कबड्डी, कबड्डी’ हा दम ऐकू येईल असा चालू ठेवावा लागतो आणि तो तुटला तर चढाईपटू बाद होतो. घाबरून वरवरचा श्वास घेतलेल्या खेळाडूचा दम आधी संपतो, पाय नंतर थकतात.

काळजीसाठी, विशेषतः परीक्षेच्या, कागद कामाला येतो. जेरार्डो रामिरेझ आणि बायलॉक यांनी 2011 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना परीक्षेच्या अगदी आधी दहा मिनिटे मनातली सगळी भीती लिहून काढायला लावली. ज्यांना परीक्षेची मुळात जास्त भीती वाटायची, त्यांचे गुण त्यामुळे वाढले. ज्यांना भीती नव्हती त्यांना विशेष फरक पडला नाही. लिहिताना नेमके शब्द लागतात: ‘टेन्शन आले आहे’ एवढे पुरत नाही, ‘विद्युत चुंबकीय प्रवर्तनाचे गणित आले तर चिन्ह चुकेल अशी भीती वाटते’ असे लिहावे लागते. बोर्डाच्या पेपरला केंद्रावर लवकर पोहोचावे लागते आणि आत शिरण्याआधी मोकळा वेळ मिळतो. तो वेळ ‘तू हे केलेस का, ते वाचलेस का’ अशा प्रश्नोत्तरांत घालवण्यापेक्षा कोऱ्या कागदावर काळजी उतरवण्यात घालवावा. तो कागद परीक्षा दालनात न नेता बाहेरच फाडून टाकावा.

मनोमन सराव

प्रत्यक्ष हालचाल न करता ती कृती मनात घडवून बघणे याला व्हिज्युअलायझेशन म्हणतात. मराठीत त्याला मनोमन सराव म्हणता येईल. नुसते चित्र बघण्यापेक्षा त्यात अधिक काही असते: पायाखालची मॅट, कानावर पडणारा आरडाओरडा, मांडीतला ताण, श्वासाची लय. हालचाल मनात घडते तेव्हा ती आखणारे मेंदूचे बरेच भाग प्रत्यक्ष हालचालीप्रमाणेच कामाला लागतात. झाँ देसेती आणि सहकाऱ्यांनी 1989 मध्ये दाखवलेली गोष्ट यातली फार बोलकी आहे. आधी बघून ठेवलेल्या खुणेपर्यंत डोळे बांधून चालत जायला जितका वेळ लागला, तितकाच वेळ तेवढेच अंतर मनात चालायला लागला. मनातली कृतीही खऱ्या वेळेला बांधलेली असते. म्हणून घड्याळ हे मनोमन सराव खरा आहे की खोटा हे तपासायचे सोपे माप ठरते.

त्याचा उपयोग किती, याबद्दलचे अनेक अभ्यास एकत्र करून जेम्स ड्रिस्केल आणि सहकाऱ्यांनी 1994 मध्ये आढावा घेतला. मनोमन सरावाने कामगिरी सुधारते, पण प्रत्यक्ष सरावाइतकी नाही. ज्या कामात विचाराचा भाग जास्त, तिथे त्याचा फायदा जास्त. तो काही दिवसांत विरत जातो, म्हणून अधूनमधून पुन्हा करावा लागतो. फार लांबवला तर फायदा वाढण्याऐवजी घटतो. एका बैठकीला पाच ते दहा मिनिटे पुष्कळ होतात. जे कौशल्य शरीराला मुळीच येत नाही, ते मनात कितीही वेळा केले तरी येत नाही, कारण मनाकडे उजळणी करायला काही नसते.

सर्वात महत्त्वाचा प्रश्न आहे तो कशाचे चित्र बघायचे हा. करंडक उंचावल्याचे, निकालाच्या दिवशीच्या अभिनंदनाचे चित्र रंगवायला सर्वांनाच आवडते. लीन फाम आणि शेली टेलर यांनी 1999 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांच्या एका गटाने परीक्षेआधीचे काही दिवस रोज पाच मिनिटे चांगले गुण मिळाल्याचे चित्र बघितले. दुसऱ्या गटाने आपण अभ्यासाला बसलो आहोत, दिवाणखान्यातला टीव्ही बंद केला आहे, मित्राचे बोलावणे नाकारले आहे असे, म्हणजे कृतीचे चित्र बघितले. कृती बघणाऱ्यांचे नियोजन सुधारले, काळजी कमी झाली आणि गुण वाढले. निकाल बघणाऱ्यांना तसा लाभ झाला नाही. यशाच्या चित्रात पुढचे पाऊल कोणते हे सांगणारे काही नसते. उलट, काम झाल्याचे समाधान मात्र आधीच मिळून जाते.

एक चढाई, तीस सेकंद

समजा, बारावीतली एक मुलगी उजव्या बाजूने चढाई करते. विभागीय सामना रविवारी आहे आणि भौतिकशास्त्राचा पूर्वपरीक्षेचा पेपर मंगळवारी. तिचे दुखणे ठरावीक आहे: सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसऱ्या, ‘डू ऑर डाय’ चढाईत ती घाई करते, पहिल्या दहा सेकंदांतच आत घुसते आणि पकडली जाते.

मनोमन सरावासाठी ती सोफ्यावर आडवी होत नाही. खेळताना घालते ते बूट आणि जर्सी घालून, चढाईआधी मध्यरेषेवर उभी राहते तशी, गुडघ्यांत किंचित वाकून ती उभी राहते. जवळ स्टॉपवॉच असते. डोळे मिटून ती पंचांची शिट्टी ऐकते. चित्र प्रेक्षकांत बसून बघितल्यासारखे बाहेरून दिसत नाही. समोर मॅट, त्यावरच्या रेषा आणि सात बचावपटू तिला तिच्याच डोळ्यांनी दिसतात. धडधड ती चित्रातून वगळत नाही. छाती धडधडते आहे, हात गार आहेत, आणि तरीही पहिला दम सुटतो, असे ती घडवते.

पुढची तीस सेकंदे ती तीन टप्प्यांत चालते. पहिल्या दहा सेकंदांत ती डावीकडून उजवीकडे सरकत बचावफळी हलवते आणि मुलींच्या मैदानावर मध्यरेषेपासून तीन मीटरवर असलेली निदान रेषा ओलांडते. आत शिरायचे नाही, फक्त बघायचे. दुसऱ्या दहा सेकंदांत लक्ष एकाच खुणेवर: उजव्या कोपरारक्षकाचा पुढचा पाय. तो पाय पुढे आला तर हाताने स्पर्श करून परतायचे. तो मागेच राहिला तर त्याच्या एक मीटर पुढच्या बोनस रेषेकडे पाय टाकायचा, दुसरा पाय हवेत ठेवून. समोर सहा किंवा सात बचावपटू असतील तरच बोनस मिळतो, म्हणून आत जातानाच मोजणी करायची. शेवटच्या दहा सेकंदांत निर्णय आणि परतीची धाव. मध्यरेषा ओलांडली की ती घड्याळ बघते.

पहिल्या दिवशी घड्याळ सोळा सेकंदे दाखवते. मैदानावरची घाई तिच्या चित्रातही आहे, हे त्यातून उघड होते. मग ती मधला टप्पा सावकाश करत सव्वीस-सत्तावीस सेकंदांपर्यंत आणते. रोज पाच चढाया, त्यांतल्या दोन फसलेल्या: एकीत कोपरारक्षक घोटा पकडतो आणि ती मध्यरेषेच्या दिशेने हात लांबवते, दुसरीत बोनस पंच देत नाहीत आणि ती वाद न घालता पुढच्या बचावासाठी आपल्या जागी परतते. आठवड्यातून तीनदा हेच प्रत्यक्ष मॅटवर, खऱ्या बचावफळीसमोर होते. तिथे एखादी गोष्ट बदलली, उदाहरणार्थ प्रशिक्षकांनी परतीचा कोन सुधारला, तर त्या रात्री मनातली चढाईही बदलते. न बदलल्यास जुनी चूक मनात घोटली जाते.

फसलेली चढाई चित्रात घेण्याचे कारण 2008 च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये दिसले. 200 मीटर बटरफ्लाय शर्यतीत उडी मारल्यापासूनच मायकेल फेल्प्सच्या गॉगलमध्ये पाणी शिरत गेले आणि शेवटी त्याला पुढची भिंत दिसेनाशी झाली. त्याने हातांचे फटके मोजत अंतर पार केले आणि 1 मिनिट 52.03 सेकंदांच्या विश्वविक्रमासह सुवर्ण जिंकले. त्याचे प्रशिक्षक बॉब बाऊमन यांनी शर्यत मनात बघण्याची सवय त्याला लहानपणापासून लावली होती, आणि त्यात बिघडलेल्या शर्यतीही असत. मात्र चूक मनात घ्यायची ती तिच्यावरच्या कृतीपर्यंत नेऊन. नुसते हुकलेले चित्र बघणे घातक ठरते. गोल्फच्या एका प्रयोगात चेंडू भोकाच्या बाजूने निसटल्याचे चित्र बघायला लावलेल्यांची कामगिरी खरोखरच घसरली होती.

तोच सराव पेपरसाठी

मंगळवारच्या पेपरसाठी हीच मुलगी काय करते ते बघितले की दोन्हींतला फरक कळतो. चढाईत कौशल्य आणि वागणे एकच असते. पेपरमध्ये ज्ञान वेगळे आणि दालनातले वागणे वेगळे. मनोमन सराव फक्त दुसऱ्याला उपयोगी पडतो. डोळे मिटून पेपर छान लिहिल्याचे बघितल्याने प्रकरण पाठ होत नाही.

ज्ञानाची तयारी दडपणाला टिकेल अशी करायची, तर पुस्तक मिटून आठवून लिहिणे हा मार्ग आहे. एमी स्मिथ आणि सहकाऱ्यांनी 2016 मध्ये दाखवले, की पुन्हा पुन्हा वाचून लक्षात ठेवलेले शब्द ताणाखाली जास्त विसरले गेले, तर स्वतःची चाचणी घेत आठवून पक्के केलेले शब्द ताण देऊनही टिकले. वाचताना ‘हे येते मला’ असे वाटणे आणि कोऱ्या कागदावर ते उतरणे यांत जे अंतर असते, ते घरीच कळलेले बरे. म्हणून ती रोज एका प्रकरणाची व्युत्पत्ती न बघता, घड्याळ लावून, लाकडी पाट्यावर किंवा टेबलावर ताठ बसून लिहिते.

वागण्याचा सराव ती मनात करते, तोही पाच मिनिटे आणि खऱ्या क्रमाने. आसन क्रमांक शोधते. प्रश्नपत्रिका हातात येते. धडधड वाढते आणि ती स्वतःशी म्हणते, ‘शरीर तयार झाले.’ वरपासून खालपर्यंत एकदा नजर फिरवते आणि येणाऱ्या प्रश्नांना खूण करते. बहुपर्यायी प्रश्नांपासून सुरुवात करते. मग चौथ्या की पाचव्या प्रश्नावर डोके कोरे होते. इथे चित्र थांबवायचे नसते. तिने आधीच ठरवलेले असते: दीड मिनिटात पहिली ओळ सुचली नाही, तर प्रश्नाचा क्रमांक समासात लिहून चार-सहा अंकांचे तीन श्वास घ्यायचे आणि पुढचा प्रश्न सुरू करायचा, शेवटची वीस मिनिटे समासातल्या क्रमांकांची. ‘असे झाले तर असे करायचे’ या स्वरूपात ठरवलेली कृती ऐन वेळी विचार न करता सुचते. तितकी जागा कार्यस्मृतीत वाचते.

रविवार आणि मंगळवार यांच्या मधल्या दिवसाचीही आखणी लागते. हरलेला किंवा जिंकलेला सामना सोमवारी दिवसभर डोक्यात फिरत राहतो. रविवारी रात्री सामन्यातल्या तीन गोष्टी वहीत लिहून ती वही बंद केली, की मनोमन चढाया तिथेच थांबवायच्या आणि सोमवारी फक्त पेपरचा सराव करायचा. दोन्हींचे चित्र एकाच बैठकीत घेतले तर एकही नीट होत नाही. झोप कापून केलेला मनोमन सरावही नुकसानीचा. अंथरुणावर पडून चढाया सुरू केल्या आणि ठोके वाढून झोप उडाली, तर तो सराव संध्याकाळी हलवायचा.

कुठे चुकते, कसे ओळखायचे

मनोमन सराव बिघडल्याच्या काही ठरावीक खुणा आहेत. घड्याळात वेळ खऱ्या कृतीच्या निम्मी भरत असेल, तर मधल्या पायऱ्या गाळल्या जात आहेत. चित्र सुरू केले की शेवटी बक्षीस समारंभच येत असेल, तर कृतीची जागा निकालाने घेतली आहे. प्रत्येक वेळी चित्र त्याच चुकीवर अडकत असेल, तर ती चूक मनात सोडवायची नसते. ती आधी मॅटवर किंवा वहीत, प्रशिक्षक किंवा शिक्षकांच्या मदतीने, हळू वेगात दुरुस्त करावी लागते. काही जणांना डोळे मिटल्यावर चित्र दिसतच नाही. त्यांच्यात काही उणे नसते. त्यांनी तीच कृती शब्दांत पुटपुटत किंवा हातापायांच्या किंचित हालचालीसह करावी. अनेकांना चित्रापेक्षा अंगातली जाणीवच अधिक स्पष्ट असते.

या उपायांनाही मर्यादा आहे. सामना किंवा पेपर संपल्यावर काही तासांत दडपण उतरायला हवे. ते आठवडेच्या आठवडे टिकले, झोप आणि भूक गेली, पेपरच्या आधी दर वेळी उलट्या होऊ लागल्या, श्वास कोंडून मरणाची भीती वाटली किंवा विद्यार्थी परीक्षा आणि सराव टाळू लागला, तर ते नेहमीचे दडपण राहिलेले नसते. स्वतःला इजा करण्याचे विचार आले तर एक दिवसही थांबायचे नसते. अशा वेळी घरच्यांना सांगून डॉक्टर किंवा समुपदेशक यांच्याकडे जायला हवे. केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेच्या 14416 या क्रमांकावर चोवीस तास मोफत बोलता येते, आणि मराठीतूनही.